केरळात परिप्पू मिळतो, पण तो मागावा लागतो

प्रश्न: "आम्ही नाशिकला राहतो. मुलगी ९ वर्षांची, ती सगळं खाते. मुलगा ५ वर्षांचा. वरण-भात-तूप, दही-भात, पोळी-साखर, इडली, केळं आणि बिस्किटं, याशिवाय तो कशाला तोंड लावत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ५ रात्रींचं केरळचं पॅकेज बघून ठेवलंय: मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी, कोची. सासूबाई म्हणतात, लेकराचे हाल करायला इतक्या लांब कशाला जाताय, कोकणात जा. खरंच केरळ रद्द करावं का?"

केरळ रद्द करू नका. हे पॅकेज मात्र, पैसे भरले नसतील तर, आहे तसं घेऊ नका.

मी १६ वर्षं नाशिकहून कौटुंबिक सहली काढते. ३०-३५ माणसं असली की आमच्या बसमध्ये महाराज आणि डिकीत त्यांची पातेली असतात, त्यामुळे मुलांच्या जेवणाचा विषय निघतच नाही. चौघांच्या कुटुंबाला महाराज परवडत नाहीत, तिथे डोकं चालवावं लागतं. तुमच्या मुलाची यादी वाचून मला काळजी वाटली नाही. त्यातले चार पदार्थ केरळात रोज मिळतात. अडचण येते ती पदार्थ कधी आणि कुठल्या रूपात मिळतो इथे.

आधी रूपाचं बोलू. वरण-भात खाणारं मूल नाशिकमधल्याच हॉटेलात दाल खिचडीला नाही म्हणतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. आपल्याला वाटतं, डाळ-तांदूळच तर आहे. त्याच्या दृष्टीने भात लांब दाण्याचा आहे, वर लसूण तरंगतोय, मोहरी दाताखाली येते आणि वास वेगळा आहे. केरळात असे तीन धक्के बसतात. पहिला भाताचा. तिथला रोजचा भात मट्टा तांदळाचा, जाडाभरडा, तांबूस आणि सुटा. आपल्या मऊ गुरगुट्या भाताची सवय असलेलं मूल तो बघूनच ताट ढकलतं. दुसरा धक्का खोबरेल तेलाचा. आमच्या एका सहलीत एका मुलीने भाजीचा वास घेऊन जाहीर केलं होतं, "याला आईच्या केसांचा वास येतो." तिसरा धक्का कुणाच्या लक्षातच येत नाही, तो पाण्याचा. बऱ्याच हॉटेलांत ग्लासात कोमट, गुलाबीसर पाणी आणून ठेवतात. पतिमुगम नावाच्या लाकडाच्या ढलप्या घालून ते उकळलेलं असतं. पाणी चांगलं असतं, पण मूल ते पीत नाही, दुपारपर्यंत कोरडं पडतं आणि कोरडं पडलेलं मूल जेवत नाही. ओळखीची, पाण्याने भरलेली बाटली कायम त्याच्या हातात असू द्या.

या तिन्हींवर तोड आहे. भात मागताना 'पच्चरी' म्हणा. पच्चरी म्हणजे उकडा नसलेला, आपल्यासारखा पांढरा तांदूळ. पर्यटकांच्या हॉटेलांत तो असतोच, नुसतं "व्हाइट राइस" म्हटलं तरी चालतं. पण न सांगता समोर काय येईल याचा नेम नाही. वरणासाठी शब्द आहे 'परिप्पू'. केळीच्या पानावरच्या सद्येत, म्हणजे तिथल्या सणासुदीच्या जेवणात, पहिला भात परिप्पू, तूप आणि पापड यांच्याबरोबर खायची रीत आहे. मुगाच्या डाळीचं घट्ट, सौम्य वरण आणि वर तूप. आपल्या पहिल्या वाढपाचा हा चुलतभाऊच. फरक इतकाच की त्यात बहुधा ओलं खोबरं वाटून घातलेलं असतं, आणि फोडणी दिली तर ती खोबरेल तेलाची. म्हणून परिप्पू मागताना "खोबरं नको, फोडणी नको, मिरची नको, वरून तूप" हे चारही बोला. एकच सांगितलंत तर नको असलेलं बाकीचं पानात येतं.

दह्याला तिथे तैर म्हणतात, ते सगळीकडे मिळतं. ताकाची चूक मात्र करू नका. 'संभारम'मध्ये आलं, हिरवी मिरची आणि कढीपत्ता असतो. केळ्यांबाबतही जरा सावध राहा. नेंद्रन केळं मोठं आणि घट्ट असतं, आपल्या केळ्याच्या अपेक्षेने चावलेलं मूल ते थुंकून टाकतं. फळवाल्याकडे बोटाएवढी छोटी ञालीपूवन केळी असतात, ती चालतात. त्याच नेंद्रनची पिठात बुडवून तळलेली पळम्पोरी दुपारच्या चहाला मिळते. ती तुमच्या यादीत नाही, पण गोड आणि कुरकुरीत असल्याने नवा पदार्थ तोंडात जायची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त. मुलीला खाऊ द्या, मुलाला विचारू नका. त्याने मागितली तर द्या.

आता वेळेचं, कारण बहुतेक कुटुंबं इथेच फसतात. केरळातल्या साध्या हॉटेलांत भाताचं जेवण, म्हणजे 'मील्स', दुपारी साधारण १२ ते ३ एवढंच असतं. रात्री तिथे पोरोट्टा, चपाती, डोसा, अप्पम. आपल्याकडे मूल दुपारी पोळी-भाजी टाळतं आणि रात्री वरण-भातावर भरपाई करतं. केरळात रात्री ८ वाजता रस्त्यावरच्या हॉटेलात वरण-भात शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. म्हणून क्रम उलटा करायचा: भात दुपारी, इडली-डोसा सकाळी आणि रात्री. मोठ्या हॉटेलांच्या बुफेत रात्रीही पांढरा भात असतो, पण बुफे बऱ्याचदा साडेसातला उघडतो आणि ५ वर्षांचं मूल दिवसभर फिरून तोवर पेंगुळलेलं असतं. पेंगुळलेल्या मुलाला घरचं वरणही आवडत नाही, त्यासाठी केरळला बोल लावण्यात अर्थ नाही.

यावरून मी सहल आखताना ठिकाणांचा नाही, संध्याकाळी ७ चा विचार करते. प्रत्येक दिवशी संध्याकाळी ७ वाजता आपण कुठे असू आणि तिथे स्वयंपाकघर कुणाच्या हातात असेल? ज्या दिवसाचं उत्तर "गाडीत" किंवा "माहीत नाही" असं येतं, तो दिवस फसणार.

तुमचं पॅकेज या चाळणीतून काढून बघू. बहुतेक पॅकेजांत पहिल्या दिवशी कोची विमानतळावरून थेट मुन्नारला नेतात. म्हणजे काय होतं? मुंबईहून पहाटेची स्वस्त फ्लाइट समजा साडेसहाची. नाशिकहून रात्री १ ला निघावं लागणार, कसारा घाट झोपेत. दोन तासांत कोची, साडेआठला उतरलात, सामान घेऊन गाडीत बसेपर्यंत साडेनऊ. पुढे मुन्नार ११० किलोमीटर, पण रस्ता चार तासांचा, आणि नेरियमंगलमच्या पुलानंतर घाट सुरू. मुलगा आदल्या रात्री ८ ला जेवलेला, त्यानंतर विमानात बिस्किटं, विमानतळावर दूध. घाटात ते दूध बाहेर येतं. दीडला हॉटेल, रूम तयार नाही. म्हणजे नीट जेवण न होता १७ तास गेले. त्यानंतर त्याच्यासमोर तांबूस भात येतो. या मुलाने नाही म्हटलं तर त्याला हट्टी कसं म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी मुन्नारहून थेक्कडी आणि चौथ्या दिवशी थेक्कडीहून अलेप्पी, असे सलग दोन दिवस पुन्हा घाटात आणि गाडीत. अशा वेळापत्रकात एकदा माझ्याच सहलीतलं ६ वर्षांचं पोर अडीच दिवस बिस्किटं आणि केळ्याच्या वेफर्सवर राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं. आईला वाटलं बाहेरचं बाधलं. खरं तर त्याला तीन दिवस शौचालाच झालं नव्हतं. मैदा, तळण, पाणी कमी आणि दिवसभर बसून, दुसरं काय होणार? तेव्हापासून लहान मुलं असली की मी थेक्कडी काढून टाकते.

तुमच्यासाठी ५ रात्री मी अशा लावीन.

पहिल्या दिवशी दुपारची फ्लाइट घ्या. नाशिकहून सकाळी घरचं खाऊन निघा, संध्याकाळी कोचीला उतरा आणि विमानतळाजवळच आलुव्याच्या बाजूला मुक्काम करा. काहीही बघायचं नाही. रात्री इडली किंवा साधा डोसा, नाहीतर डब्यातली दशमी. दुसऱ्या दिवशी ८ ला निघा, कोतमंगलमला नऊ-सव्वानऊला इडली खा, दूध देऊ नका, अर्धा तास पाय मोकळे करा आणि मग घाट चढा. वाटेत चीयप्पाराच्या धबधब्यापाशी थांबलात तरी एकच्या सुमारास मुन्नार. तिथे दोन रात्री. मुन्नारला डोंगरावरचं मोठं रिसॉर्ट न घेता मालक घरातच राहतो असा होमस्टे घ्या, पुढे सांगते का. चौथा दिवस लांबचा आहे, मुन्नार ते अलेप्पी पाच तास. तो एकच लांबचा दिवस ठेवायचा. आठला निघून दुपारचं 'मील्स' घाट उतरल्यावर, बारा-साडेबाराला घ्या, आणि अलेप्पीत साध्या होमस्टेत झोपा. पाचव्या दिवशी दुपारी १२ ला हाउसबोट, सहाव्या दिवशी सकाळी ९ ला उतरून दुपारनंतरच्या फ्लाइटने परत. फोर्ट कोची राहून जातं. राहू दे.

हाउसबोटीला लोक घाबरतात, "पाण्यात काय मिळणार" म्हणून. माझ्या अनुभवात अख्ख्या सहलीतला जेवणाचा सगळ्यात सोपा मुक्काम तोच. बोटीवर तुमच्या एका कुटुंबासाठी आचारी असतो, मागच्या बाजूला त्याचं छोटं स्वयंपाकघर असतं आणि तो दुसऱ्या कुणासाठी रांधत नसतो. संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधतात, कारण रात्री मच्छीमारांची जाळी लागतात. त्यानंतर आचाऱ्याला घाई नसते. सातला जेवण मागा, तो सातला वाढतो. ठरलेला बेत मात्र मासा, सांबार, खोबरं घातलेली तोरन भाजी, मट्टा भात असा असतो, म्हणून चढल्या चढल्या, त्याची भाजी चिरून व्हायच्या आत सांगायचं. मी एक छोटी पिशवी त्याच्या हातात देते: कोलम तांदूळ दोन वाट्या आणि मुगाची डाळ अर्धी वाटी, धुवून वाळवून एकत्र केलेली. एक वाटी मिश्रणाला चार वाट्या पाणी, मीठ, चिमूटभर हळद, कुकरच्या चार शिट्ट्या, बाकी काहीच नाही. भाषेची अडचण असली तर शेजारी उभं राहा, ते हसून करू देतात. ही खिचडी तुमच्या मुलाला वरण-भात कालवल्यासारखीच लागेल. अडीच वाटीच्या त्या पिशवीत त्याची पाच जेवणं निघतात.

होमस्टेचं कारणही हेच. मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी तुमच्यापर्यंत येत नाही, तुम्ही वेटरशी बोलता, वेटर आत काहीतरी सांगतो आणि "नो स्पायसी" एवढंच पोचतं. होमस्टेत घरची बाई समोर असते. पण बुकिंगच्या आधी फोन करताना "मुलांचं जेवण मिळेल का?" असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात आणि मग फ्रेंच फ्राइज येतात. असं विचारा: "रात्री ७ ला वाढाल का? पांढरा भात आणि खोबरं-फोडणीशिवाय परिप्पू कराल का? आमचे डाळ-तांदूळ दिले तर शिजवून द्याल का?" पहिल्या प्रश्नाला "साडेआठ" असं उत्तर आलं आणि ते बदलायला तयार नसले तर दुसरं घर बघा. रूममध्ये इलेक्ट्रिक कुकर लावायचा विचार करत असाल तर आधी परवानगी घ्या. बऱ्याच हॉटेलांत मनाई असते आणि धुराचा अलार्म वाजला की शोभा होते.

सोबत काय न्यायचं? फार नाही. बॅग भरून खाऊ नेला की मूल दिवसभर चरतं आणि जेवणाच्या वेळी पोट अर्धं भरलेलं असतं, हा उलटा परिणाम मी दरवर्षी बघते. वर सांगितलेली डाळ-तांदळाची पिशवी, पावशेर मेतकूट, छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत तूप आणि आठ-दहा दशम्या. मेतकूट सगळ्यात कामाचं, कारण दुपारी गरम पांढरा भात मागितला की मिळतो आणि मेतकूट-तूप-मीठ कालवलं की जेवण झालं. मुलाला मेतकुटाची सवय नसेल तर आजपासून आठवड्यातून दोनदा घरी द्या, केरळात पहिल्यांदा देऊन उपयोग नाही. दशम्या पाण्याऐवजी दुधात मळलेल्या, दोन दिवस टिकतात, म्हणजे पहिल्या दोन दिवसांपुरत्याच. पोळी-साखरेची जागा त्या घेतात. तूप चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ते तपासणीला अडकू शकतं.

निघायच्या आधीचे तीन आठवडे तुमच्या हातात आहेत. एका रविवारी संध्याकाळी कॉलेज रोडवर किंवा जवळच्या कुठल्याही दाक्षिणात्य हॉटेलात जा आणि मुलाला इडली तिथली खाऊ घाला. घरची इडली खाणारं मूल बाहेरची खातंच असं नाही. सांबाराचा आग्रह नको. इथल्या उडपी पद्धतीच्या सांबारात गूळ असतो, केरळचं तसं गोड नसतं, त्यामुळे इथे आवडलं म्हणून तिथे आवडेलच असं नाही. इडली-तूप-साखर जमली तरी तुमच्या सकाळ आणि रात्र सुटल्या. दुसरी चाचणी घरी करा: एकदा वरणाला तुपाऐवजी चमचाभर खायच्या खोबरेल तेलाची फोडणी द्या आणि काही न बोलता वाढा. खाल्लं तर फोनवरचे निम्मे प्रश्न वाचले. नाही खाल्लं तर 'फोडणी नको' हा शब्द तुम्ही विसरणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, हेही सांगते. जेवणाच्या बाबतीत दापोली-गुहागरची घरगुती खानावळ केरळपेक्षा सोपी आहे. तिथे साधं वरण, भात, तूप, दही न मागता मिळतं. पण नाशिकहून दापोली म्हणजे गाडीने आठ-नऊ तास, दिवाळीत महामार्गावर जास्तच, आणि तो अख्खा दिवस जाताना एकदा, येताना एकदा. मुलाला गाडी लागत असेल तर हा हिशोब केरळच्या बाजूने झुकतो. लागत नसेल आणि ५ ऐवजी ३ रात्रीच मिळणार असतील तर सासूबाईंचं ऐका. कोकणातही सिंधुदुर्गाकडे उतरलात तर उकड्या तांदळाचा भात समोर येतो, तिथेही भात विचारूनच घ्यावा लागेल. आणि विमान नको असेल तर नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला जाते, एका दिवसाहून जास्त लागतो. मला ती आवडते. दशम्या तिच्यात छान संपतात.

दिवाळीच्या दिवसांत केरळात संध्याकाळी गडगडाटी पाऊस येतो, तोही लक्षात घ्या. साडेचारनंतरचा कुठलाही कार्यक्रम ठरवू नका, म्हणजे ७ चं जेवण आपोआप जमतं.

मुलगा तिथे घरच्यापेक्षा कमी जेवेल, हे गृहीत धरा. धडधाकट मूल दोन-तीन दिवस कमी खाऊन बिघडत नाही, पाणी पीत असेल, लघवीला नीट जात असेल आणि खेळत असेल तर. सहा-आठ तास लघवी नाही, मलूल पडलाय, उलट्या थांबत नाहीत, असं झालं तर जेवणाचा विचार सोडून डॉक्टर गाठा. आणि घरीच त्याची यादी दिवसेंदिवस आखडत चालली असेल, गिळताना उबळ येत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर सहलीच्या आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो खाण्याच्या आवडीनिवडीपेक्षा वेगळा विषय आहे आणि माझ्या आवाक्यातला नाही.

एजंटला आजच फोन करून दोनच गोष्टी विचारा: थेक्कडी काढून मुन्नारच्या आधी कोचीची रात्र घालता येईल का, आणि मुन्नारला रिसॉर्टऐवजी होमस्टे देतील का. "पॅकेज फिक्स आहे" असं उत्तर आलं तर हाउसबोट, होमस्टे आणि गाडी तिन्ही स्वतः बुक करा. ते जड जात नाही. गाडीवाल्याला मात्र पहिल्या फोनवरच सांगून ठेवा की दुपारी बारा-साडेबाराला आम्ही जेवायला थांबणार, नाहीतर तो त्याच्या ठरलेल्या हॉटेलात अडीचला थांबवतो आणि तोवर मील्समधला परिप्पू संपलेला असतो.